दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला किती?

इंदूरमध्ये खासगी उसनवारीचा दर अजूनही महिन्याच्या हिशेबात, शंभर रुपयांमागे सांगितला जातो. ‘दो रुपया सैकड़ा’ किंवा नुसते ‘दो टका’ एवढेच शब्द उच्चारले जातात, आणि ‘महिन्याला’ हा शब्द दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला असतो. बँक मात्र दर वर्षाचा सांगते. दोन्ही आकडे एकाच संभाषणात आले की दोन हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो, आणि व्यवहारात मुरलेल्या माणसांचाही निर्णय त्या क्षणी थोडा झुकतो. मागच्या वर्षी आमच्या घरात असा प्रसंग आला तेव्हा तो हिशेब कागदावर मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मी सियागंजातल्या एका घाऊक दुकानात हिशेबनीस आहे, त्यामुळे बेरीज-वजाबाकीची सवय होती. तरीही हे काम नुसत्या बाराने गुणण्याचे नाही, हे त्या कागदावर जसजसे उतरत गेले तसतसे मला अधिक स्पष्ट दिसत गेले, आणि तेच इथे सविस्तर लिहायचे आहे.

माझी वहिनी भंवरकुआँ भागातल्या विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे पुरवते. मागणी वाढली तेव्हा मोठी शेगडी, डीप फ्रीजर आणि नव्या गाळ्याची अनामत यांसाठी तिला १,२०,००० रुपये हवे होते. बँकेतून वैयक्तिक कर्ज काढायचे तर ते दादाच्या पगारावर मिळणार होते. दर १२ टक्के, मुदत एक वर्ष, पण कागदपत्रे आणि मंजुरी यांत आठ-दहा दिवस जाणार होते. दुसरीकडे मल्हारगंजातल्या एका सावकाराने त्याच संध्याकाळी रोख रक्कम देण्याची तयारी दाखवली. वहिनीने मला विचारले, “भाऊजी, दोन रुपये शेकडा म्हणजे चोवीस टक्के, हे मला कळतं. बँकेच्या दुप्पट आहे, पण दहा दिवस वाचतात. दुप्पट दिले तर फार बिघडेल का?” तिचा प्रश्न रास्त होता. एका वर्षाच्या कर्जावर दुप्पट व्याजसुद्धा काही वेळा परवडते, कारण वेळेलाही किंमत असते. म्हणून मी तिला नाही म्हटले नाही. सावकाराच्या अटी पूर्ण ऐकून घेऊ आणि मग बोलू, एवढेच सांगितले आणि दोघे त्याच्याकडे गेलो.

तिथे मी मुख्यतः तीन गोष्टी विचारल्या. व्याज कोणत्या रकमेवर लागेल, मुद्दल कधी परत करायचे, आणि पहिल्या दिवशी हातात नेमके किती पैसे येतील. सावकाराने कोणतीही टाळाटाळ न करता दोन पर्याय सांगितले, आणि दोन्हींचा दर त्याच्या तोंडी एकच होता. सोने गहाण ठेवले तर दरमहा फक्त व्याज द्यायचे, म्हणजे २,४०० रुपये, आणि मुद्दल वर्षाच्या शेवटी एकरकमी फेडून दागिना सोडवून न्यायचा. सोने ठेवायचे नसेल तर ओळखीच्या माणसाची जामिनी आणि बारा किस्ती. किस्तीचा हिशेब त्याने तिथल्या तिथे मांडून दाखवला. वर्षाचे व्याज २८,८००, मुद्दलासह एकूण १,४८,८००, त्याला बाराने भागले की महिन्याला १२,४०० रुपये. शिवाय या दुसऱ्या पर्यायात लिखाईचे १,२०० रुपये पहिल्याच दिवशी कापून घेतले जाणार होते. “दोनों में रेट वही है, दो रुपया,” असे तो म्हणाला, आणि त्याच्या पद्धतीने पाहिले तर ते खरेही होते.

पहिला पर्याय सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. संपूर्ण १,२०,००० रुपये बाराही महिने वापरायला मिळतात, व्याज महिना भरल्यावर दिले जाते आणि मुद्दल शेवटी परत जाते. अशा कर्जात शेकडा दरमहाच्या दराला बाराने गुणणे अगदी योग्य आहे. दोन गुणिले बारा म्हणजे चोवीस टक्के. दीड रुपया असेल तर अठरा, तीन असेल तर छत्तीस. या सरळ गुणाकाराला दोन ठिकाणी धक्का लागतो. एक म्हणजे थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाते तेव्हा. वर्षभर काहीच दिले नाही आणि दरमहा व्याजावर व्याज चढत गेले, तर वर्षाचे व्याज २८,८०० न राहता सुमारे ३२,१९० होते, म्हणजे दर २६.८ टक्क्यांवर जातो. दुसरा धक्का मोडक्या महिन्याचा. महिना संपून काही दिवस वर गेले तरी पूर्ण महिन्याचे व्याज घ्यायचे, ही पद्धत गहाणाच्या व्यवहारात सर्रास आढळते. चाळीस दिवसांनी दागिना सोडवायला गेलात आणि दोन महिन्यांचे ४,८०० रुपये द्यावे लागले, तर तो दर वर्षाला साडेछत्तीस टक्के पडतो. शेकड्याला चार रुपये चाळीस दिवसांत गेले, त्याला चाळीसने भागून ३६५ ने गुणले की हा आकडा येतो. म्हणून गहाणाच्या कर्जात तारीख पाळणे हे दर कमी करून घेण्याइतकेच मोलाचे असते.

खरा गुंता किस्तींच्या पर्यायात होता, आणि वहिनीला तोच बरा वाटत होता, कारण घरातले सोने बाहेर ठेवण्याची तिची इच्छा नव्हती. तिला मी सावकाराच्याच आकड्यांनी समजावून सांगितले. १२,४०० च्या प्रत्येक हप्त्यात १०,००० मुद्दल आणि २,४०० व्याज आहे, असे त्याचे म्हणणे आहे. ते तसेच मान्य करू. पहिल्या महिन्यात तुझ्याकडे त्याचे १,२०,००० आहेत आणि व्याज २,४००, म्हणजे शेकडा दोन रुपये झाले, ठीक आहे. सहा हप्ते दिल्यावर सातव्या महिन्यात तुझ्याकडे त्याचे ६०,००० उरले, व्याज मात्र २,४००च आहे, म्हणजे शेकडा चार रुपये. शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे त्याचे फक्त १०,००० आहेत आणि त्या एका महिन्याचे व्याज तरीही २,४०० आहे, म्हणजे त्या महिन्याचा दर शेकडा चोवीस रुपये पडला. जी रक्कम तू आधीच परत केली आहेस, तिच्यावरही तू शेवटपर्यंत व्याज देत राहतेस. हे ऐकल्यावर वहिनी काही वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “मग सरासरी काढा ना.”

सरासरी काढता येते, आणि ढोबळ अंदाजाला ती पुरतेही. पहिल्या महिन्याचे १,२०,००० आणि शेवटच्या महिन्याचे १०,००० यांच्या मध्यावर ६५,००० येतात. वर्षभरात सरासरी एवढीच रक्कम आपल्या वापरात असते आणि तिच्यावर व्याज २८,८०० जाते. भागाकार केला की ४४.३ टक्के मिळतात. चोवीसऐवजी चव्वेचाळीस, हा फरक पाहूनच निर्णय बहुधा बदलतो. परंतु हा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा चढा आहे, आणि बँकेच्या दराशी काटेकोर तुलना करायची तर तो तसाच वापरणे सावकारावर अन्याय करणारे ठरेल, असे मला वाटले. बँक आपल्या हप्त्याची फोड वेगळ्या रीतीने करते. ती उरलेल्या रकमेवर महिन्याचे व्याज आधी काढते आणि हप्त्यातून ते वजा जाऊन जे उरते तेवढेच मुद्दलात जमा करते. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असते, म्हणून मुद्दल हळू उतरते आणि सरासरी शिल्लक ६५,००० पेक्षा काहीशी अधिक राहते. दोघांची तुलना करायची तर दोघांनाही याच एका रीतीने मोजले पाहिजे.

त्यासाठी मी वहीत बारा ओळींचा तक्ता केला, आणि संगणक जवळ नसेल तर कोणालाही हे करता येईल. महिन्याचा एक दर अंदाजाने धरायचा. शिल्लक रकमेवर त्या दराने व्याज काढायचे, ते मिळवायचे, हप्ता वजा करायचा आणि पुढच्या ओळीवर जायचे. मी साडेतीन टक्क्यांपासून सुरुवात केली. १,२०,००० वर एका महिन्याचे व्याज ४,२००, हप्त्यातून मुद्दलात गेले ८,२००, शिल्लक १,११,८००. पुढच्या महिन्यात त्यावर व्याज ३,९१३, मुद्दलात ८,४८७, शिल्लक १,०३,३१३. असे करत बाराव्या ओळीच्या शेवटी शून्य यायला हवे. माझ्या तक्त्यात अडीचशेहून थोडे अधिक रुपये उरले. शेवटी शिल्लक उरली तर धरलेला दर खऱ्यापेक्षा जास्त आहे, आणि हिशेब उणे झाला तर तो कमी आहे, एवढी खूण लक्षात ठेवली की पुरे. मग ३.४ टक्के धरून पाहिले तर सुमारे ८०० रुपये उणे आले. म्हणजे खरा दर या दोहोंच्या मध्ये आहे आणि साडेतीनच्या अधिक जवळ आहे. तो महिन्याला सुमारे ३.४७५ टक्के निघाला. बाराने गुणले की वर्षाचे ४१.७ टक्के होतात.

यात लिखाईचे १,२०० अजून धरलेले नव्हते. कापून घेतलेले पैसे कर्जदाराच्या हातात कधी येतच नाहीत, म्हणून तक्त्याची पहिली ओळ १,२०,००० ऐवजी १,१८,८०० पासून सुरू करावी लागते. हप्ते तेच राहतात. दुकानातल्या संगणकावर मी एक्सेलच्या तक्त्यात पुढील सूत्र घालून पाहिले.

```
=RATE(12,-12400,118800)*12
```

यात पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता आणि तिसरा प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम आहे. हप्ता आपल्याकडून जातो म्हणून त्याच्या आधी उणे चिन्ह द्यावे लागते. ते राहिले तर सूत्र उत्तराऐवजी चूक दाखवते. उत्तर ०.४३८ च्या जवळ आले, म्हणजे वर्षाला सुमारे ४३.८ टक्के. एकाच माणसाने एकाच बैठकीत ‘दो रुपया’ म्हणून सांगितलेले दोन व्यवहार, एक चोवीस टक्क्यांचा आणि दुसरा जवळजवळ चव्वेचाळीस टक्क्यांचा होता. त्याने काही लपवले होते असे मी म्हणणार नाही, कारण हप्ता, मुदत आणि कपात हे तिन्ही त्याने स्पष्ट सांगितले होते. दर कोणत्या रकमेवर धरला आहे, एवढे मात्र विचारल्याशिवाय कळत नव्हते.

आता बँकेची बाजू. जी कपात सावकाराच्या हिशेबात धरली ती बँकेच्या हिशेबातही धरली पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही, आणि अनेक घरांत नेमके इथेच बँकेला झुकते माप दिले जाते. १,२०,००० रुपयांवर १२ टक्के दराने, बारा महिन्यांसाठी हप्ता १०,६६२ रुपये येत होता. त्या हप्त्यांतून जाणारे एकूण व्याज ७,९४४. परंतु प्रोसेसिंग शुल्क दीड टक्का, म्हणजे १,८००, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३२४, असे २,१२४ रुपये कर्जाच्या रकमेतून वजा होऊन १,१७,८७६ खात्यात जमा होणार होते. हेच आकडे त्याच सूत्रात घातले तेव्हा उत्तर १५.४ टक्के आले. म्हणजे बँकेचे बाराही प्रत्यक्षात बारा नव्हते. मुदत जितकी आखूड तितके हे एकरकमी शुल्क दराला अधिक वर ढकलते. तीच रक्कम तीन वर्षांसाठी घेतली असती तर याच शुल्काचा भार बराच पातळ झाला असता.

बँकेच्या बाबतीत हा आकडा स्वतः काढण्याची गरज आता पूर्वीइतकी उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना आणि लहान उद्योगांना दिल्या जाणाऱ्या नव्या मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचे पत्रक देणे बंधनकारक आहे, आणि त्यात सर्व शुल्कांसह येणारा वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. हप्त्यांचा तक्ताही त्यासोबत असतो. दादाने शाखेतून हे पत्रक मागून आणले तेव्हा त्यातला एपीआर माझ्या आकड्याशी दशांशातल्या किरकोळ फरकाने जुळला. कर्जासोबत विमा घ्यायला लावला असेल तर त्याचा हप्ताही या दरात धरलेला असायला हवा. पत्रकात तो वेगळा दिसला आणि दरात दिसला नाही, तर सही करण्याआधी विचारलेच पाहिजे. कर्जाच्या जाहिरातीत ठळक असणारा आकडा आणि पत्रकातला एपीआर यांपैकी दुसराच तुलनेला घ्यावा.

वहिनीने मध्येच आणखी एक शंका काढली. धंदा चांगला चालला आणि सहा महिन्यांत सगळे फेडता आले तर? मी पुन्हा सावकाराकडे जाऊन हे विचारले. त्याचे उत्तर असे होते की किस्त एकदा बांधली की बाराही द्याव्या लागतात, लवकर दिल्या तर त्याची हरकत नाही. म्हणजे सहा हप्त्यांनंतर कर्ज बंद करायचे तर उरलेले ७४,४०० पूर्ण मोजायचे, आणि त्यातले १४,४०० हे न वापरलेल्या महिन्यांचे व्याज असणार. बँकेत सहा हप्त्यांनंतर शिल्लक सुमारे ६१,८०० राहत होती. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचे शुल्क आहे का आणि किती, हे पत्रकात पाहावे लागते, पण पुढच्या महिन्यांचे व्याज तरी मागितले जात नाही. लवकर फेडण्याची शक्यता असलेल्या माणसासाठी हा फरक दराच्या फरकाहूनही मोठा ठरू शकतो, आणि सावकाराला पहिल्याच दिवशी विचारायच्या प्रश्नांत तो मी आता न चुकता घालतो.

सोन्याचा पर्याय आम्ही एकदा पूर्ण विचारात घेतला, कारण त्यात एक वेगळी शक्यता होती. सोने महिनाभर सावकाराकडे ठेवायचे, व्याजाचे २,४०० द्यायचे, आणि तोवर बँकेचे कर्ज मंजूर झाले की त्या पैशांतून दागिना सोडवायचा. दहा दिवसांची घाई खरोखरच टाळता येण्यासारखी नसती तर हा मार्ग किस्तींपेक्षा कितीतरी स्वस्त होता, हे मी वहिनीला मोकळेपणाने सांगितले. पण सोने ठेवायचेच असेल तर ते बँकेत का ठेवू नये, असे दादा म्हणाला, आणि ते बरोबर होते. घराजवळच्या एका शाखेत सोनेतारण कर्जाचा दर साडेनऊ टक्के सांगितला गेला. तिथे दागिन्याची पारख होऊन काही तासांत रक्कम मिळते, व्याजही महिन्याऐवजी दिवसांवर मोजले जाते. मात्र दागिन्याच्या किमतीच्या ठरावीक हिश्शाइतकेच कर्ज मिळते, आणि पारखीचे शुल्क वेगळे असते. वहिनीने शेवटी सोने कुठेच ठेवले नाही. गाळ्याच्या मालकाने अनामतीसाठी दोन आठवडे थांबायची तयारी दाखवली, आणि घाईचे कारणच उरले नाही.

तोपर्यंत टक्केवारीचा माझा कागद बराच भरला होता, आणि वहिनी त्यातले एकेक पाऊल समजून घेत होती. तरी तिचा रोजचा हिशेब शेकड्याचा आहे, बचतगटातही त्याच भाषेत बोलले जाते. म्हणून शेवटी मी उलट दिशेने गणित केले आणि बँकेचा दर सावकाराच्या भाषेत मांडला. बँकेचे व्याज आणि शुल्क मिळून वर्षाचा एकूण खर्च १०,०६८. मूळ रकमेत शंभराचे १,२०० गठ्ठे आहेत आणि महिने बारा. आधी एकाने आणि मग दुसऱ्याने भागले की जवळजवळ ७० पैसे येतात. सावकाराचे व्याज आणि लिखाई मिळून ३०,०००. तसेच भागले की दोन रुपये आठ पैसे. हप्त्यांनी फेडायच्या या कर्जात सावकाराने ७० पैसे शेकडा दर लावला असता आणि लिखाई घेतली नसती, तर तो बँकेच्या बरोबरीला आला असता. वहिनीने दोन्ही आकडे आपल्या वहीत लिहून घेतले, महिन्याचा हप्ता १,७३८ रुपयांनी कमी पडतो हे स्वतः वजाबाकी करून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी दादाच्या पगाराच्या पावत्या घेऊन ती दोघे शाखेत गेली.